समोवार, टॉर्च आणि एक न वाचलेलं अक्षर

मावशीच्या माळ्यावरचा समोवार खाली काढल्यावर तो रशियन की इराणी असा वाद घरात सुरू झाला आणि त्याचे भरपूर फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले. खिडकीशी ठेवलेला, पैठणीवर ठेवलेला, एकात तर शेजारी झेंडूची फुलंसुद्धा. फोटो देखणे होते, पण ते पाहून "पितळेचा आहे, तोटी आहे, हातभर उंच आहे" यापलीकडे कोणी काही बोलू शकत नव्हतं.

ज्यांनी समोवार पाहिला नाही त्यांनी आपला पाणी तापवायचा बंब डोळ्यांसमोर आणावा. मधे उभी नळी, नळीत निखारे, भोवती पाणी आणि खाली तोटी. रचना तीच, फक्त पाणी आंघोळीचं नाही, चहाचं. काश्मिरी समावार वेगळा. त्याला किटलीसारखी चोच आणि मागे मूठ असते. आमच्याकडच्याला तोटी होती, दोन बाजूंना लाकडी मुठी होत्या आणि खाली चौकोनी बैठक. म्हणजे काश्मीर बाद. उरले रशिया आणि इराण, कारण रशियन समोवार इराणात सर्रास विकले जात आणि पुढे इराणातही समोवार बनू लागले. बोरुजर्द गाव तर त्या कामासाठी प्रसिद्ध आहे. मावशीचे यजमान तरुणपणी आबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरीला होते आणि तिथूनच ते हा घेऊन आले, एवढं नक्की होतं. पण इराणातून आणला म्हणजे इराणात बनला असं होत नाही.

संग्रहालयात धातूच्या वस्तूंचं जतन करण्यात ज्यांची नोकरी गेली अशा एक बाई माझ्या बहिणीच्या ओळखीच्या. त्या नागपूरला असतात, समोवार पुण्यात. वस्तू प्रवासाला पाठवायची तयारी मावशीची नव्हती, त्यामुळे सगळं फोटोंवरच होणार होतं. बाईंनी फोनवर पहिली गोष्ट सांगितली ती अशी, "मला तो सुंदर दिसायला नकोय. ठसा कुठे आहे, कुठे जोडलाय आणि कुठे झिजलाय, एवढं दिसू द्या. आणि तोवर त्याला चिंच लावू नका." चिंचेची ताकीद वेळेवर मिळाली, मावशीने कोळ काढून ठेवला होता.

न पुसण्याचं कारण त्यांनी नंतर सांगितलं. ठशाच्या खोबणीत बसलेला काळा मळ हीच अक्षरांची शाई असते. उंचवटे हात लागून चकचकीत आणि खोबणी काळी, हा फरक आहे म्हणून अक्षर फोटोत उठतं. घासून सगळं एकसारखं पिवळं केलं की उथळ अक्षर डोळ्यालाच दिसत नाही, मग कॅमेऱ्याला कुठून दिसणार! मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकायची, बस्स.

आधी सगळ्या बाजूंचे साधे फोटो काढले. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून झाकण काढून आणि उलटा करून तळ. यात सांगण्यासारखं फार नाही. फोन वस्तूच्या मध्यावर, लांब उभं राहून थोडा झूम करून काढायचे, म्हणजे वरचा भाग फुगलेला आणि बैठक बारीक असं दिसत नाही. प्रत्येक फ्रेममध्ये एक पांढरा कागद आणि स्टीलची पट्टी. कागद रंगासाठी. घरातली ट्यूब बंद करून फक्त खिडकीचा उजेड ठेवला, कारण दोन प्रकारचे उजेड मिसळले की पितळ हिरवट दिसतं नाहीतर तांबूस, आणि आमच्या बाबतीत रंगावर बरंच काही अवलंबून होतं. समोवारावर कधीकाळी निकेलचा मुलामा होता. तो आता ठिकठिकाणी उडून खालचं पितळ दिसत होतं.

खरी गंमत ठशांची. तोटीच्या वर, अंगाच्या पुढच्या भागावर काहीतरी आहे हे बोटाला लागत होतं, डोळ्याला फक्त खरवडल्यासारखं दिसत होतं. फ्लॅशने काढलेल्या फोटोत तिथे पांढरा भपका. फ्लॅश समोरून येतो, खोबणी आणि उंचवटा दोन्हींवर सारखाच पडतो, सावली पडतच नाही. ठसा वाचायला सावली लागते, आणि सावलीसाठी उजेड अगदी आडवा, पृष्ठभागाला जवळजवळ घासत यायला हवा.

समोवार रजईच्या घडीवर पाठीवर झोपवला, तोटी छताकडे. वरच्या बाजूला पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर एक फळी आडवी टाकून तिच्या कडेशी फोन स्क्रीन वर करून ठेवला. लेन्स बरोबर ठशाच्या वर, पृष्ठभागापासून वीतभर दूर. त्याहून जवळ गेलं की फोन स्वतःहून मॅक्रोवर उडी मारतो आणि मग कडेची अक्षरं ताणल्यासारखी येतात. वीतभर अंतर ठेवून दुप्पट झूम बरा. तीन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. स्क्रीनवर ठशावर बोट दाबून धरलं की फोकस अडकून राहतो, मग उजेडाची खूण खाली सरकवून फोटो मुद्दाम काळोखा करायचा. चकचकीत धातूवर फोन नेहमी जास्त उजेड घेतो आणि अक्षरं जाळून टाकतो. पट्टी ठशाच्या शेजारी, त्याच पातळीवर ठेवली. खाली रजईवर ठेवली असती तर ती कॅमेऱ्यापासून लांब पडून लहान दिसली असती आणि ठशाचं माप चुकलं असतं.

मग पडदे ओढून, दिवे घालवून एकच टॉर्च. फोन हलवायचा नाही, टॉर्च हलवायचा. घड्याळाच्या काट्यासारखा तो ठशाभोवती फिरवत, प्रत्येक ठिकाणी एक फोटो. तीन वाजता, बारा वाजता, नऊ वाजता. सहाच्या जागी मात्र तोटी आडवी येऊन तिचीच सावली ठशावर पडत होती, ती दिशा सोडून दिली.

एवढ्या दिशा कशाला, तर जी रेघ उजेडाच्या दिशेला समांतर असते तिला सावली नसते. गळ्याकडून, म्हणजे बाराच्या बाजूने उजेड टाकला तेव्हा अक्षरांच्या आडव्या रेघा स्पष्ट आल्या आणि उभे दांडे गायब. रशियन छापील अक्षरांत उभे दांडे भरपूर, त्यामुळे अर्धी अक्षरं लंगडी. बाजूने टाकला की दांडे उठायचे, पण समोवारचं अंग गोल असल्याने आडवा उजेड अंगाच्या एका अरुंद पट्टीलाच घासत जायचा. पट्टीच्या अलीकडे भपका, पलीकडे अंधार. यावर उपाय एकच, समोवार बोटभर कुशीवर वळवायचा, फोटो घ्यायचा, पुन्हा वळवायचा. एका फोटोत तीन-चार अक्षरं मिळाली तरी पुरे. नंतर फोटो एकाशेजारी एक ठेवून ओळ लावता येते. पूर्ण ठसा एकाच फोटोत हवा हा हट्ट सोडल्यावर काम सोपं झालं.

एका जागी घासून घासून अक्षर इतकं उथळ झालं होतं की टॉर्चही हरला. तिथे बाईंनी चांदीवाल्यांची युक्ती सांगितली. तोंड जवळ नेऊन हाऽ करून वाफ सोडायची. चकाकी काही क्षण मरते आणि ती परत येईपर्यंत फोटो घ्यायचा. मी वाफ सोडायची आणि भाच्याने बटण दाबायचं अशी जुगलबंदी चालली. आठवडाभर पाऊस लागून हवा आधीच दमट होती, त्यामुळे वाफ लवकर उडत नव्हती, हाही फायदाच. खडूची भुकटी भरून अक्षर उठवायचा सल्ला ग्रुपवर आला होता, तो बाईंनी मोडीत काढला. भुकटी खोबणीतल्या मळात जाऊन बसते आणि निघत नाही.

फोटोंतून जे बाहेर आलं ते असं. वर दोन ओळी अक्षरांच्या, खाली एक-सव्वा सेंटीमीटरच्या गोल गोल पदकांची रांग. काहींत माणसाचा एका बाजूने चेहरा, काहींत दोन डोक्यांचा गरुड. कारखान्याने प्रदर्शनांत मिळवलेली पदकं अशी अंगावर मिरवायची रशियन समोवारवाल्यांची पद्धत होती. एका पदकाच्या तळाशी आकडे लागले, १८९६. ग्रुपवर लगेच "१८९६ चा समोवार!" असा जल्लोष झाला. बाईंनी तो थंड केला. ते निझनी नोवगोरोदला भरलेल्या अखिल रशियन प्रदर्शनाचं वर्ष. पदक मिळाल्यावर कारखाना ते पुढची कितीही वर्षं छापत राहणार. म्हणजे वस्तू १८९६ च्या आधीची नाही, एवढंच त्यातून निघतं. म्हणून पदकांच्या रांगेत एकच वर्ष वाचून थांबू नये, सर्वांत उशिराचं वर्ष कोणतं ते शोधावं. आमच्या रांगेतल्या उजवीकडच्या दोन पदकांचे आकडे पूर्ण झिजले आहेत, तेव्हा १८९६ ची हद्द अजून थोडी पुढे सरकू शकते.

दुसरी हद्द अक्षरांनी दिली, आणि तीसुद्धा एका सेंटीमीटरच्या जागेत. ओळीच्या शेवटी "तूला शहरात" अशा अर्थाचे दोन शब्द होते. तूला हे मॉस्कोच्या दक्षिणेचं समोवारांचं माहेरघर. त्यातला पहिला शब्द दोनच अक्षरांचा. त्याचं शेवटचं अक्षर इंग्रजी लहान बी सारखं, पण डोक्यावर डावीकडे एक शेंडी. पुढच्या शब्दाचं शेवटचं अक्षरही तसंच बी सारखं, पण त्याच्या दांड्याला आडवी फुली. ही दोन्ही जुन्या रशियन लेखनातली. १९१८ च्या सुमाराला लेखनसुधारणा झाली तेव्हा शब्दाच्या शेवटची ती शेंडीवाली खूण गेली आणि फुलीवालं अक्षर तर वर्णमालेतूनच गेलं. बाराच्या बाजूच्या फोटोत फुलीची आडवी रेघ होती, पण दांडा नव्हता. नऊच्या बाजूच्या फोटोत दांडा होता, पण फुली नव्हती. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा अक्षर पुरं झालं. नुसत्या बाजूच्या उजेडावर भिस्त ठेवली असती तर ते साधं बी वाटून सुटलं असतं.

म्हणजे ठसा खरा असेल तर १८९६ नंतर आणि साधारण १९१८ च्या आत. आता ठसा खरा कशावरून? नावाजलेल्या कारखान्यांच्या ठशांच्या नकला त्या काळीही व्हायच्या. इथे सांधे आणि झीज कामाला येतात.

तूलातले कारागीर पितळेचा पत्रा गोल वळवून त्याच्या एका कडेला दाते कापत, ते दुसऱ्या कडेवर बसवत, ठोकत आणि मग शिवण झाळत. झाळ पितळाच्याच जातीची असल्यामुळे बाहेरून शिवण सहसा दिसत नाही. आमच्या समोवारवर ती मागच्या बाजूला सापडली, तीही निकेल उडालं होतं म्हणून. आतून कल्हई आणि क्षारांचा थर, त्यामुळे आत टॉर्च घालूनही फक्त एक उभा फुगवटा दिसत होता. बाहेरच्या बाजूला मात्र ढगाळ दुपारी, खिडकीपासून जरा लांब, टॉर्चशिवाय पाहिलं तेव्हा पितळात किंचित जास्त पिवळी नागमोडी रेघ दिसली. शिवणीसाठी आडवा उजेड चालत नाही हे इथे कळलं. ठशात उंचसखलपणा असतो, शिवण घासून सपाट केलेली असते, तिथे फक्त रंगाचा फरक उरतो. तेव्हा उजेड मऊ आणि पसरट हवा. मी खिडकीला पांढरी चादर लावली आणि समोर काळा शर्ट घालून उभा राहिलो, म्हणजे पितळात माझंच प्रतिबिंब उजळ दिसू नये. शिवणीचा एक फोटो पूर्ण लांबीचा आणि एक पट्टी लावून जवळचा, असे दोन हवेत. नुसता जवळचा पाठवला तर ती वस्तूवर कुठे आहे ते समोरच्याला कळत नाही. हे सगळ्याच जवळच्या फोटोंना लागू आहे. प्रत्येकाबरोबर एक लांबचा, त्यात जागेवर बोट ठेवलेलं.

शिवणीने कारागिरी हाताची आहे एवढं ठरलं. देश ठरला नाही. इराणी कारागीरही पत्रा वळवून झाळतच असत, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

तोटीच्या सांध्याने मात्र वेगळीच कथा काढली. तोटी अंगाला जिथे मिळते तिथे एक नक्षीदार चकती असते. आमची चकती लहान होती, आणि तिच्या भोवती वरच्या बाजूला चंद्रकोरीसारखी एक पट्टी चकचकीत निकेलची. बाकी सगळीकडे मुलामा झिजून पिवळा झालेला आणि नेमका इथेच नवा कोरा. बाईंनी हा फोटो पाहून लगेच फोन केला. "तिथे आधी मोठी चकती होती. तिच्याखाली निकेल झाकून राहिलं. तोटी बदललीये." मग त्यांनी सांध्याचा खालून फोटो मागितला. तिथे राखाडी, मऊ, ओघळ आलेला डाख होता, कथील-शिशाचा, नखाने ओरखडा उठेल असा. मुठींच्या सांध्यांची झाळ पिवळी आणि बारीक. एकाच भांड्यावर दोन हातांची कामं. तोटीची चावी फिरवून वर उपसून काढली आणि तिच्या निमुळत्या खुंटीचा वेगळा फोटो घेतला. खुंटीचा धातू पांढरट आणि ठसा कुठेच नाही. चावी काढायची असेल तर जोर करू नये, ती सैल असेल तरच काढावी. अडकली असेल तर तशीच अडकलेली दाखवावी.

झिजेचे फोटो काढताना प्रश्न असा ठेवायचा की हात, पाणी आणि आग कुठे लागत होती. तोटीची चावी, मुठींच्या वरचा भाग, झाकणाची कड, बैठकीचे कोपरे. या ठिकाणी मुलामा जायला हवा आणि नक्षीच्या खळग्यांत टिकायला हवा. आमच्याकडे तसंच होतं. मुद्दाम जुनी केलेली वस्तू सहसा सगळीकडे सारखीच काळवंडलेली असते, खळग्यांत आणि उंचवट्यांवर एकच रंग. आतल्या नळीचा फोटो वरून टॉर्च टाकून घेतला. खाली जाळीशी राखेचा कडक थर, म्हणजे तो शोभेचा नव्हता, पेटवला जात होता.

आणि पुन्हा ठशाकडे आलो, या वेळी रंगासाठी. खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदाशेजारी. मळाच्या अधूनमधून अक्षरांच्या खोबणीत राखाडी निकेल दिसत होतं आणि आजूबाजूचा उंच भाग पिवळा. म्हणजे आधी ठसा, त्यावर मुलामा, त्यानंतर झीज. कोणी अलीकडे ठसा मारला असता तर त्याने निकेल फोडून खोबणीत पितळ उघडं केलं असतं. बाईंच्या मते सगळ्या फोटोंतला हा सर्वांत बोलका. दिसायला तो सर्वांत कंटाळवाणा आहे.

पाठवताना फोटो साधे न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवले, नाहीतर ॲप ते दाबून लहान करतं आणि नेमकी बारीक अक्षरंच चिकटून जातात. प्रत्येक फाइलला जागा आणि उजेडाची दिशा असं नाव दिलं, "पुढचा ठसा, उजेड ९ वाजता". शेजारी उंची, वजन आणि आत किती लिटर पाणी मावतं ते लिहिलं. कथा मात्र वेगळ्या कागदावर. आबादानचं आधी सांगितलं तर पाहणारा तेच शोधत बसतो, असं बाईंचं म्हणणं.

त्यांचा निष्कर्ष तीन ओळींचा आला. अंग, बैठक आणि ठसा तूलातले, १८९६ ते १९१८ च्या दरम्यानचे असण्याची दाट शक्यता. तोटी नंतरची, दुरुस्ती इराणात किंवा इथे, फोटोंवरून सांगता येणार नाही. कारखानदाराचं आडनाव बाताशेव, पण कोणता बाताशेव ते अनिर्णित. त्या आडनावाचे तूलात अनेक कारखानदार होते, ते नावांच्या आद्याक्षरांनीच वेगळे ओळखता येतात, आणि आमच्या समोवारला नेमका तिथेच पोचा आहे. पोच्याच्या उतारावर पहिलं आद्याक्षर पडलंय. टॉर्च सगळ्या दिशांनी फिरवून, वाफ सोडून झाली, पण एक उभा दांडा सोडून काही हाती लागलं नाही.

मावसभाऊ म्हणाला, पोचा आतून ठोकून काढू. बाईंनी आणि मावशीने एकाच वेळी नाही म्हटलं, बाईंनी अक्षर ताणलं जाईल म्हणून आणि मावशीने, "काकांच्याच हातून पडला होता तो, राहू दे," म्हणून. बाईंनी आता ठशाच्या खालच्या ओळीचे आणखी काही फोटो मागितलेत. आद्याक्षरं तिथे पुन्हा येण्याची शक्यता आहे. त्यासाठी तोटीची सावली चुकवायला हवी, म्हणून या खेपेला टॉर्चऐवजी पेन्सिलीएवढा बारीक दिवा आणलाय, तो चकतीच्या आणि ठशाच्या मधल्या फटीत बसतो.